निफ्टीच्या किती मागे?

निफ्टी ५० चा कोणताही इंडेक्स फंड घेतला, तर त्याचे सहसा दोन प्लॅन असतात: डायरेक्ट आणि रेग्युलर. दोन्हींचे पैसे त्याच शेअरमध्ये गुंतलेले असतात. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन जाते, एवढाच फरक. अशा फंडाचा ट्रॅकिंग एरर पाहिला, तर दोन्ही प्लॅनचा आकडा जवळपास सारखाच निघतो. परतावा मात्र सारखा नसतो.

याचे कारण मोजण्याच्या रीतीत आहे. फंडाचा आणि निर्देशांकाचा रोजचा परतावा यांतला फरक दिवसागणिक किती हलतो, ते ट्रॅकिंग एरर सांगतो. खर्च रोज सारख्याच हिश्शाने कापला जातो. तो हलत नाही, म्हणून या मापात दिसतच नाही. फंड वर्षाकाठी निर्देशांकाच्या किती टक्के मागे पडला, हे ट्रॅकिंग डिफरन्स सांगतो आणि त्यात खर्चासकट सगळे येते.

समजा, निफ्टीने लाभांश धरून वर्षाला १२ टक्के दिले. डायरेक्ट प्लॅन ०.२ टक्के मागे राहिला, रेग्युलर ०.६ टक्के. दहा लाखांचे पंधरा वर्षांनी एकीकडे सुमारे ५३.३ लाख होतील, दुसरीकडे ५०.५ लाख. पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम गेली, आणि ट्रॅकिंग एररने त्याची चाहूलही दिली नाही. वर्षानुवर्षे युनिट धरून बसणाऱ्याने म्हणूनच आधी डिफरन्स पाहावा.

मग एरर निरुपयोगी आहे का? नाही. फंड किती शिस्तीने चालवला जातो, हे त्यावरून कळते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिलायन्सपासून वेगळी झालेली जिओ फायनान्शियल बाजारात आली, तेव्हा शेअर सलग लोअर सर्किटला लागला. निर्देशांकातून तो काढायचा ठरलेला, पण विकत घ्यायला कोणी नाही. शेवटी निर्देशांकाची तारीखच पुढे ढकलावी लागली. विक्री अशी अडली, किंवा फंडात रोकड पडून राहिली, की एरर वाढतो. लार्ज कॅप फंडात तो इतर फंडांपेक्षा सतत जास्त दिसत असेल, तर यंदाचा चांगला डिफरन्स निव्वळ योगायोग असू शकतो.

सेबीच्या २०२२ च्या नियमांनुसार फंड कंपन्यांनी एरर रोज आणि डिफरन्स दरमहा जाहीर करायचा असतो. डिफरन्स एक, तीन, पाच, दहा वर्षांचा मिळतो. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. तुलना एकाच निर्देशांकाच्या फंडांत आणि एकाच प्रकारच्या प्लॅनमध्ये करावी.

ईटीएफ घेणाऱ्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दोन्ही मापे एनएव्हीवर काढलेली असतात, पण शेअर बाजारात व्यवहार होतो तो बाजारभावाने. उलाढाल तुटपुंजी असलेला ईटीएफ एनएव्हीपेक्षा एक टक्का महाग घेतला, तर वर्षाला ०.२ टक्के वाचवून मिळणारा पाच वर्षांचा फायदा खरेदीच्या दिवशीच संपतो. म्हणून ऑर्डर टाकण्यापूर्वी फंडाच्या संकेतस्थळावरची त्या क्षणाची अंदाजित एनएव्ही बघावी आणि त्याच्या आसपासची लिमिट ऑर्डर द्यावी.