कौलारू छपराची कैची: लाकडाची की लोखंडाची?

कोकणात गावच्या घराचं छप्पर नव्याने घालायचं ठरलं की बोलणं दरावरून सुरू होतं. लाकूड काय भावाने, पाइप काय किलोने. त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: कौलांचं ओझं भिंतीपर्यंत कसं उतरतं आणि ते उतरवताना कैची नेमकी कुठे दगा देते.

नेहमीचं एक घर घेऊ. चिऱ्याच्या भिंती, रुंदी १८ फूट, लांबी ३० फूट. दोन्ही टोकांच्या भिंती त्रिकोणी करून आढ्यापर्यंत नेलेल्या आणि मध्ये दहा-दहा फुटांवर दोन कैच्या. उतार ३० अंशांचा. पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडू नये म्हणून छप्पर अडीच फूट बाहेर काढलेलं. दोन्ही पाखी मिळून ८३ चौरस मीटरच्या आसपास भरतात. मंगळुरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात आणि एक कौल अडीच किलोच्या घरात असतं. म्हणजे साडेबाराशे कौलं आणि तीन टनांहून थोडं जास्त वजन. पावसाळ्यात कौल पाणी पितं, तेव्हा हाच आकडा साडेतीन टनांपर्यंत जातो. वासे-रीपा धरून प्रत्येक कैचीवर कोरड्या दिवसांतही सव्वा टनाच्या वर भार येतो. या कामाची सागवानी कैची दीडशे किलोंची होईल, चौकोनी पाइपची ऐंशी किलोंची. सव्वा टनापुढे हा फरक किरकोळ आहे. ‘लोखंड हलकं, भिंतीवर भार कमी’ हे कारण कौलारू घराला फारसं लागू पडत नाही.

खरा प्रश्न भार बाहेर ढकलला जाण्याचा आहे. दोन पायांची शिडी उघडून उभी केली की तिचे पाय बाहेर सरकू पाहतात. मधली दोरी त्यांना धरून ठेवते. कैचीतली खालची आडवी तुळई म्हणजे ती दोरी. आपल्या घरात तिच्यावर पाऊण ते एक टनाचा ताण असतो. तुळई नसेल किंवा तिचा सांधा सुटला, तर तेवढा जोर भिंतीच्या माथ्याला बाहेर लोटतो. चिऱ्याची भिंत उभं ओझं पिढ्यान्‌पिढ्या पेलते, पण आडवा जोर तिला सोसत नाही. भिंतीच्या वरच्या थरांत आडवी भेग दिसली किंवा आढं मध्ये बसलेलं दिसलं, तर आधी तुळईच्या टोकांचे सांधे तपासावेत.

लाकडाची अडचण इथेच कळते. एक टनाचा ताण सागाच्या सव्वा इंची चौकोनी दांड्यालाही पेलवेल. तरीही सुतार चार बाय सहाची तुळई घालतो, कारण ताण लाकडात शिरतो तो सांध्यातून. तिरका बाहू तुळईवर जिथे टेकतो तिथे खाच पाडलेली असते. बाहूचा जोर त्या खाचेपुढचं लाकूड रेषांच्या दिशेने बाहेर सारायला बघतो. खाचेपुढे जेमतेम दोन-तीन इंच लाकूड उरलं असेल तर तेवढी ढलपी सुटते आणि कैची पसरते. निदान नऊ इंच लाकूड पुढे सोडावं आणि सांध्याला आरपार बोल्ट घ्यावा. ओलं लाकूड वापरलं तर वर्षभरात ते आकसतं आणि बोल्ट सैल होतात. पहिला उन्हाळा गेला की माळ्यावर चढून ते पुन्हा आवळून घ्यावेत. हे काम बहुतेक घरांत राहून जातं आणि दोष मात्र लाकडाला लागतो.

लोखंडाला हा प्रश्न नाही. ताण घ्यायला १२ मिलिमीटरची सळईसुद्धा पुरते. म्हणून जुन्या घराचं चांगलं सागवान किंवा फणस हाताशी असेल, तर मला मिश्र कैची सर्वांत पटते: तिरके बाहू लाकडाचे, खालचा ताण लोखंडी सळईचा आणि सांध्यांना दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या. दाब लाकूड उत्तम घेतं, ताण लोखंड. सळईला दाब मात्र अजिबात घेता येत नाही, म्हणून उघड्या माळावरच्या घरात पूर्ण तुळईच ठेवावी. रुंदी बावीस फुटांच्या पुढे गेली, तर एवढ्या लांबीचं सरळ, सुकं लाकूड मिळणं कठीण होतं. तिथे सरळ लोखंडाकडे वळावं.

दोन्ही कैच्या कुजतात किंवा गंजतात त्या मात्र ठरावीक जागी. लाकडाची टोकं चिऱ्यात गाडून चुन्या-सिमेंटने बंद केली की ओल अडकते आणि वाळवीलाही भिंतीतून सरळ वाट मिळते. टोकाखाली काँक्रीटची बैठक द्यावी आणि बाजूंनी बोटभर हवा खेळू द्यावी. तपासायला पेचकस पुरतो: टोकाशी दाबून पाहावं, आत गेला तर लाकूड गेलेलं आहे. सागाच्या कडेचा फिकट, पांढरा भाग किडीला लवकर बळी पडतो. तो तासून टाकायला सांगावं.

लोखंडी पाइप आतून गंजतो, तेही नजरेआड. टोक उघडं राहिलं की खारी, दमट हवा आत शिरते, पाणी साठतं आणि बाहेरचा रंग शाबूत असताना पत्रा पातळ होत जातो. प्रत्येक टोकाला पट्टी लावून ती चहूबाजूंनी वेल्ड करून घ्यावी. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळालेला असतो. तिथली खपली तारेच्या ब्रशने काढून लगेच प्रायमर लावावा. समुद्राजवळ दीड-दोन मिलिमीटरचा पाइप मला धोक्याचा वाटतो, तीन मिलिमीटरपेक्षा कमी घेऊ नये.

रीपा मात्र लाकडाच्याच असाव्यात, असं माझं ठाम मत आहे. मंगळुरी कौलाच्या रीपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच असतं, पण कारखान्यागणिक ते थोडं बदलतं. लाकडी रीप खिळे काढून सरकवता येते. वेल्ड केलेली लोखंडी रीप एकदा बसली की बसली, आणि दहा वर्षांनी वानरांनी फोडलेल्या कौलांच्या जागी दुसऱ्या मापाची कौलं आली तर ती नीट बसत नाहीत. लोखंडी रीपाच घालायच्या असतील, तर आणलेल्या कौलांचे चार-पाच थर जमिनीवर मांडून मोजावं आणि मगच वेल्डरला माप द्यावं.

वाऱ्याचा विचार बहुतेकांना ३ जून २०२० नंतर सुचला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ताशी १२० किलोमीटरचा वारा अडला तर चौरस मीटरला ६८ किलोंच्या जवळपास दाब देतो. छपरावर त्याचा मोठा भाग वर उचलणारा असतो. कोरड्या कौलांचं वजन तेवढ्याच जागेत ३८ किलो. कडेला आणि आढ्याशी ही उचल सर्वांत जास्त असते, म्हणून आधी तिथली कौलं उडतात. कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्यावरचे कोने तारेने रीपांना बांधावेत. कैची भिंतीवर नुसती ठेवू नये. चिऱ्याच्या माथ्यावर चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा ओतावा, त्यात काँक्रीट ओलं असतानाच बोल्ट पुरावेत आणि कैचीचं टोक त्या बोल्टना नटाने आवळावं. लोखंडी कैचीला हे काम खालच्या पट्टीतून होतं. लाकडी टोकाला वरून लोखंडी पट्टी टाकावी लागते. हा पट्टा भिंतीचा माथाही बांधून ठेवतो. मात्र बोल्टच्या जागा कैच्या बनवणाऱ्याकडून आधी मोजून घ्याव्या लागतात, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या दिवशी सुतार किंवा वेल्डर गवंड्यासोबत हजर असायला हवा.