न सापडलेले वाक्य नक्कीच नव्हते का?

कागदाच्या नोंदवहीत एखादा उल्लेख शोधायचा तर पाने उलटत बसावे लागते. नोंदी संगणकावर असल्या की हेच काम क्षणात होते. पण तेव्हा संगणक नेमके काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे आपल्याला माहीत असले पाहिजे. नाहीतर त्याच्या 'नाही' या उत्तराचा अर्थ आपण चुकीचा लावू.

एक उदाहरण घेऊ या. एका शाळेच्या विज्ञान मंडळाने २०१७ पासून २०२३ पर्यंतच्या हवामानाच्या नोंदी साध्या मजकुराच्या दोनशे फाईलींत ठेवल्या आहेत. सगळ्या फाईली `nondi` या फोल्डरमध्ये असून आत प्रत्येक वर्षाचे वेगळे फोल्डर आहे. 'वाऱ्याचा वेग' हे शब्द कोणकोणत्या फाईलींत आले आहेत, एवढेच आपल्याला हवे आहे. त्या सगळ्या ओळी वाचायच्या नाहीत, फक्त फाईलींची यादी हवी. यासाठी लिनक्स व मॅक संगणकांवर `grep` नावाची आज्ञा तयारच असते. टर्मिनलच्या खिडकीत आपण असे लिहू:

```
grep -rlF 'वाऱ्याचा वेग' nondi
```

यातील तीन अक्षरांची कामे तीन. `r` मुळे शोध `nondi` च्या आतील सर्व फोल्डरांत जातो. `l` मुळे जुळलेली ओळ न छापता फक्त फाईलीचे नाव छापले जाते. एखाद्या फाईलीत पहिला उल्लेख सापडला की `grep` ती फाईल पुढे वाचतच नाही, कारण नाव छापायला एक उल्लेख पुरतो. म्हणून या यादीवरून उल्लेख किती वेळा आला ते कळत नाही. `F` चा अर्थ, दिलेली अक्षरे जशीच्या तशी शोधा. एरवी `grep` काही चिन्हांना विशेष अर्थ देते. उदाहरणार्थ, टिंब म्हणजे 'कोणतेही एक अक्षर'. `F` न देता '२.५ मीटर' शोधले, तर '२१५ मीटर' असलेली फाईलही यादीत येईल.

या आज्ञेच्या नावातच तिचे काम दडले आहे. युनिक्सच्या `ed` या जुन्या संपादन-प्रणालीत `g/re/p` असे लिहिले की `re` च्या जागी दिलेला नमुना ज्या ज्या ओळीत असेल ती ओळ छापली जाई. केन थॉम्पसन यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये हे काम वेगळे काढून स्वतंत्र आज्ञा बनवली, आणि १९७३ साली ती युनिक्समध्ये आली. 'ओळ' हा शब्द येथे लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आपल्या शोधाचे उत्तर असे आले, असे समजू:

```
nondi/2019/july.txt
nondi/2021/pavanchakki.txt
```

म्हणजे २०२० साली वाऱ्याच्या वेगाची नोंदच झाली नाही, असे म्हणावे काय? ज्या विद्यार्थ्यांनी त्या वर्षीच्या वादळाची नोंद लिहिली ते म्हणतील, "आम्ही लिहिले होते!" `nondi/2020/vadal.txt` उघडली तर 'वाऱ्याचा वेग' हे शब्द तेथे स्पष्ट दिसतात. मग ते सापडले का नाहीत?

कारण `grep` अक्षराचा आकार पाहत नाही. फाईलीत साठवलेले संकेतांक ते पाहते. मराठीतील 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते. पहिल्या प्रकारात 'ऱ' हे वेगळे अक्षर, मग हलन्त आणि मग 'य' येतो. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त, मग पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग 'य' येतो. या जोडचिन्हाचा संकेतांक 200D आहे. 'वाऱ्याचा' या शब्दात पहिल्या प्रकारे आठ संकेतांक होतात, दुसऱ्या प्रकारे नऊ. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. कोणता प्रकार फाईलीत उतरतो, हे टंकलेखनाच्या साधनावर अवलंबून असते.

शंका आली की ती अशी तपासता येते:

```
grep -n $'\u200d' nondi/2020/vadal.txt
```

लिनक्सवरील बॅशमध्ये `$'...'` या खुणेच्या आत `\u200d` लिहिले की ते अदृश्य चिन्ह तयार होते. `n` मुळे ओळीचा क्रमांकही मिळतो. आपली ओळ येथे दिसली, तर तिच्यात जोडचिन्ह आहे हे ठरले.

उपाय म्हणून 'याचा वेग' एवढाच समान तुकडा शोधण्याचा मोह होईल. त्याने वादळाची फाईल सापडेल खरी, पण 'पाण्याचा वेग' लिहिलेल्या फाईलीही येतील. त्यापेक्षा दोन्ही रूपे एकाच वेळी द्यावीत. प्रत्येक रूपाआधी `-e` लिहायचे:

```
grep -rlF -e 'वाऱ्याचा वेग' \
  -e $'वार्\u200dयाचा वेग' nondi
```

आता तीन नावे येतात. तरीही यादी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही, कारण ओळीची गोष्ट राहिली. `grep` एका वेळी एकच ओळ तपासते. `nondi/2022/pankha.txt` मध्ये 'वाऱ्याचा' हा शब्द ओळीच्या शेवटी आणि 'वेग' पुढच्या ओळीच्या आरंभी आला असेल, तर कोणत्याही एका ओळीत ते दोन शब्द एकत्र नाहीत. लिनक्सवरील `grep` ला `z` हे अक्षर दिले की ते साध्या मजकुराची पूर्ण फाईल एकच लांब ओळ मानते:

```
grep -rlzE \
  $'वा(ऱ्|र्\u200d)याचा[[:space:]]+वेग' nondi
```

येथे `F` ऐवजी `E` आहे, कारण आता चिन्हांचे विशेष अर्थ आपल्याला हवे आहेत. कंसातील उभी रेघ 'हे किंवा ते' असे सांगते. `[[:space:]]+` म्हणजे एक किंवा अधिक मोकळ्या जागा, आणि त्यात ओळीचा शेवटही येतो. चौथी फाईल आता यादीत येईल. मॅकवरील `grep` मध्ये `z` चा अर्थ वेगळा असू शकतो, म्हणून ही शेवटची आज्ञा लिनक्सवरच वापरावी.

युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेल्या मराठी फाईली मात्र यापैकी कोणत्याही आज्ञेने सापडणार नाहीत. त्यांत देवनागरीचे संकेतांक नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. फाँट बदलून पाहिला की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, ही त्यांची खूण. अशा फाईली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात.

तेव्हा `grep` ने काहीच छापले नाही, तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की दिलेले संकेतांक त्याच क्रमाने कोणत्याही एका ओळीत मिळाले नाहीत. विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. 'दुसऱ्या दिवशी' हे शब्द दोन वेगवेगळ्या संगणकांवर किंवा फोनवर टंकून दोन फाईली बनवायच्या, आणि एकीतून उचललेले शब्द दुसरीत शोधायचे. फाईलीचे नाव छापले गेले नाही, तर कारण विद्यार्थ्यांनीच `\u200d` वापरून शोधून काढावे.