चाळीस विहिरींचा खर्च

लॅपटॉप ४५,०००, रसायने २०,०००, प्रवास २०,०००, आकस्मिक खर्च १०,०००, स्टेशनरी ५,०००. एकूण बरोबर एक लाख. महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत लहान संशोधनासाठी ‘सीड मनी’ मिळतो. त्याच्या अर्जाला जोडलेले असे तक्ते सर्रास दिसतात. अर्ज दोन-तीन पानांचा आणि कमाल मर्यादा एक लाख, म्हणून मागणीही एक लाखाची. हे आकडे कामातून निघालेले नाहीत, मर्यादेतून मागे मोजत आणलेले आहेत. विभागीय समितीत बसलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागत नाही, कारण त्यातला एकही आकडा कशाने भागला तर काय येतं, हे सांगता येत नाही. वीस हजारांची रसायने म्हणजे किती चाचण्यांची?

या समितीत बहुधा विभागप्रमुख, दोन-तीन ज्येष्ठ प्राध्यापक, शेजारच्या विषयाचा एखादा सदस्य आणि लेखा विभागाचा माणूस असतो. अर्जदाराच्या नेमक्या विषयातला त्यांच्यात कुणी असेलच असं नाही. ‘विषय महत्त्वाचा आहे’ हे त्यांना पहिल्या परिच्छेदात पटलेलं असतं. प्रश्न येतात ते तक्त्यावर. दर कुठून आणला? इतकेच नग का? ही वस्तू विभागात आधीच नाही का?

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. ऊसपट्ट्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला परिसरातल्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजायचं आहे. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. युरिया, गोठा, उकिरडा, शौचालयाचा शोषखड्डा यांतून ते जमिनीत झिरपतं. प्रश्न असा, की पावसाळ्यानंतरचं प्रमाण आणि उन्हाळ्याच्या अखेरचं प्रमाण यांत फरक पडतो का? उदाहरण कल्पित आहे आणि दरही नमुन्यादाखल आहेत. मात्र आकडा कसा उभा राहतो, ते यातून दिसेल.

विहिरी ४०, फेऱ्या दोन, म्हणजे नमुने ८०. पण दिवसाला किती विहिरी होतील? इथे गाडीच्या वेगापेक्षा प्रयोगशाळेची घाई महत्त्वाची. नायट्रेटचा नमुना आम्ल न घालता ठेवला तर थंड ठेवून दोन दिवसांच्या आत तपासावा लागतो, नाहीतर पाण्यातले जीवाणू ते प्रमाण बदलून टाकतात. म्हणजे एका दिवशी आणलेलं पाणी दुसऱ्या दिवशी तपासून संपलं पाहिजे. एक प्राध्यापिका आणि एक विद्यार्थी मिळून दिवसाला आठ विहिरी नीट करू शकतात असं धरलं, तर एका फेरीला पाच दिवस आणि दोन फेऱ्यांना दहा दिवस लागतात. शिवाय रोज एका विहिरीचा नमुना दोनदा घ्यायचा, म्हणजे हाताची चूक कळते. एका बाटलीत घरून नेलेलं डिस्टिल्ड वॉटर भरून आणायचं, म्हणजे बाटलीच अस्वच्छ होती का ते कळतं. दिवसाला दहा चाचण्या, दहा दिवसांच्या शंभर. पुढचा जवळपास सगळा तक्ता या दोन आकड्यांवर उभा आहे : दहा दिवस आणि शंभर चाचण्या.

गाडीभाडं दिवसाला २,५०० प्रमाणे २५,०००. ‘दुचाकीवर का नाही?’ हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर तक्त्यातच एका ओळीत द्यावं : बर्फाची पेटी, दहा बाटल्या आणि दोर-बादली दुचाकीवर नीट जात नाही, आणि पेटीतलं पाणी गार राहिलं नाही तर चाचणीला अर्थ उरत नाही. विद्यार्थ्याचं मानधन दहा दिवस फिरण्याचं आणि दहा दिवस प्रयोगशाळेचं, असे २० दिवस. महाविद्यालयाने ठरवलेल्या ५०० रुपयांच्या दराने १०,०००. इथे दर अर्जदाराचा नसून संस्थेचाच आहे, त्यामुळे त्यावर चर्चा होत नाही. गाळण्याच्या पटलांची शंभरची दोन पाकिटं, कारण गढूळ पाण्याला एक पटल पुरत नाही. त्यांचे ४,४०० आणि प्रमाण द्रावण, आम्ल, डिस्टिल्ड वॉटर यांचे ४,६०० मिळून ९,०००. बाटल्या २५, म्हणजे आज वापरायच्या दहा, धुऊन वाळत असलेल्या दहा आणि पाच जादा. त्या आणि बर्फाची पेटी मिळून ४,०००. विहीरमालकांना निकालाचा छापील कागद द्यायचा, त्याचे २,०००.

आता ज्या ओळीवर अर्ज अडकू शकतो, ती ओळ : क्वार्ट्झ क्युवेटची जोडी, ७,०००. क्युवेट म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये द्रव ठेवायची छोटी चौकोनी नळी. समितीतला कुणीतरी डेडस्टॉक रजिस्टर आठवून म्हणणारच, ‘क्युवेट तर आपल्याकडे डझनभर आहेत.’ खरं आहे, पण त्या काचेच्या आहेत. नायट्रेट मोजायच्या या पद्धतीत पाण्यातून २२० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडतात आणि तो किती शोषला गेला ते पाहतात. साधी काच तो प्रकाश स्वतःच अडवते. क्वार्ट्झ अडवत नाही. काचेच्या क्युवेटने मोजायला गेलं तर विहिरीऐवजी काचच मोजली जाईल. ‘उच्च दर्जाच्या अचूकतेसाठी आवश्यक’ असं मोघम वाक्य इथे लिहिलं असतं तर ही ओळ कापली गेली असती. ‘विभागातील क्युवेट काचेचे आहेत, २२० नॅनोमीटरला चालत नाहीत’ हे वाक्य इतिहासाच्या प्राध्यापकालाही कळतं आणि लेखापालालाही.

याच पद्धतीची एक मर्यादा तक्त्यात आणखी एक ओळ आणते. २२० ला नायट्रेटबरोबर पाण्यातले कुजके सेंद्रिय घटकही प्रकाश शोषतात. म्हणून २७५ नॅनोमीटरला दुसरं वाचन घेतात. तिथे नायट्रेट जवळजवळ शोषत नाही, सेंद्रिय घटक शोषतात. त्या वाचनाची दुप्पट पहिल्यातून वजा करतात. पण ही वजावट पहिल्या वाचनाच्या दहा टक्क्यांहून जास्त निघाली, तर तो नमुना या पद्धतीने मोजता येत नाही. गोठ्याशेजारच्या विहिरींत हे होणारच. असे दहा नमुने बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आयन क्रोमॅटोग्राफीने तपासून घ्यायचे, प्रत्येकी ८०० प्रमाणे ८,०००. पद्धत कुठे कमी पडते हे अर्जदाराने आपण होऊन सांगितलं आणि त्यापुढे रक्कम लिहिली, की समितीचा विश्वास बसतो. माझ्या मते पानभर संदर्भसूचीने तो तितका बसत नाही.

बेरीज ६५,०००. त्यावर पाच टक्के आकस्मिक खर्च ३,२५०. एकूण ६८,२५०. लाखाची मर्यादा असताना अडुसष्ट हजार मागायला हात धजावत नाही, हे मी समजू शकतो. ‘समिती कापणारच’ म्हणून अर्जदार फुगवतात, ‘अर्जदार फुगवणारच’ म्हणून समिती कापते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. पण सरसकट तीस टक्के कापायला तक्ता गोल आकड्यांचा असावा लागतो. जिथे प्रत्येक ओळ दहा दिवसांशी किंवा शंभर चाचण्यांशी बांधलेली आहे, तिथे कापणाऱ्यालाच सांगावं लागतं की कुठल्या विहिरी सोडायच्या.

लॅपटॉपचं काय? तो गेला. शंभर चाचण्यांची आकडेमोड विभागातल्या संगणकावर होते आणि त्यासाठी नव्या यंत्राची गरज दाखवता येत नाही. बहुतेक तक्त्यांत सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी समर्थनीय ओळ लॅपटॉपचीच असते, हे समितीवर बसलेल्यांना पाठ झालेलं असतं.

तरीही निधीच कमी असेल आणि समितीने ‘पन्नास हजारांत बसवा’ म्हटलं तर? याचं उत्तर आधीच अर्जात असावं. पहिला मोह होतो तो एक फेरी गाळण्याचा, कारण तेवढ्याने दिवस निम्मे होतात. पण प्रश्नच दोन ऋतूंच्या तुलनेचा आहे. एक फेरी गेली की अभ्यास स्वस्त होत नाही, संपतो. म्हणून दोन्ही फेऱ्या ठेवून विहिरी ४० वरून २४ करायच्या. मग दिवस सहा. गाडी १५,०००, मानधन १२ दिवसांचं ६,०००, रसायने व पटले ७,०००, बाहेरच्या सहा चाचण्या ४,८००, निकालाचे कागद १,२००. क्युवेटचे ७,००० आणि बाटल्या-पेटीचे ४,००० मात्र तसेच, कारण विहिरी कमी झाल्या म्हणून क्वार्ट्झ स्वस्त होत नाही. बेरीज ४५,०००, आकस्मिक धरून ४७,२५०. आणि सोबत एक प्रामाणिक वाक्य : ऋतूंमधला फरक तरीही दिसेल, पण गोठ्याजवळच्या आणि शेतातल्या विहिरींची वेगवेगळी तुलना करण्याइतके नमुने उरणार नाहीत.

दरांसाठी कोटेशन जोडावीत, आणि ती पाहताना तळाची जीएसटीची ओळ रकमेत धरली आहे की नाही ते तपासावं. विक्रेता फोनवर सांगतो तो दर बहुधा कराविना असतो. मंजुरीनंतर अठरा टक्के कुठून आणायचे, हा प्रश्न मग अर्जदाराच्या खिशाशी येतो. किती रकमेपर्यंत थेट खरेदी चालते आणि कुठून पुढे तीन कोटेशन किंवा खरेदी समिती लागते, हे प्रत्येक संस्थेत लेखा विभागाला विचारून घ्यावं. हे नियम बदलत असतात.

कॅलेंडरचा घोळ याहून अवघड. समजा मंजुरी ऑगस्टमध्ये आली. पावसाळ्यानंतरची फेरी ऑक्टोबरच्या अखेरीस होईल, पण उन्हाळ्याची फेरी मे महिन्यात, म्हणजे ३१ मार्च ओलांडून. वर्षअखेर न खर्चलेली रक्कम अनेक ठिकाणी परत घेतली जाते. मग मार्चमध्ये गाडीवाल्याला आगाऊ पैसे देण्याचे किंवा नको असलेली रसायने भरून ठेवण्याचे प्रकार होतात, आणि विनियोग प्रमाणपत्र देताना तेच अडचणीत आणतात. त्याऐवजी अर्जातच खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागून दाखवावा. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी क्युवेट, बाटल्या, पेटी, रसायनांपैकी ५,००० आणि एका फेरीचा खर्च मिळून ३७,५००. दुसऱ्या वर्षी उरलेली रसायने, दुसरी फेरी आणि निकालाचे कागद मिळून २७,५००. आकस्मिकचे ३,२५० दुसऱ्या वर्षी, कारण अनपेक्षित खर्च तेव्हाच निघण्याची शक्यता जास्त.

एका शीर्षातले उरलेले पैसे दुसऱ्या शीर्षात परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावं. गढूळ विहिरी अंदाजापेक्षा जास्त निघाल्या आणि बाहेरच्या चाचण्या दहाच्या चौदा झाल्या, तर गाडीभाड्यातून वाचलेले ३,२०० तिकडे वळवायला विभागप्रमुखांची सही लागेल. त्या एका शक्यतेपुरती परवानगी प्रस्तावातच मागून ठेवली, की मे महिन्यात विहिरीवर उभं राहून सहीची वाट पाहावी लागत नाही.