तीन खोल्या, तीन बाथरूम आणि अरबी आकड्यांचा उलटा मेळ

सौदी अरेबियाची पाच रियालची नोट घ्या. तिच्यावर अरबीत ‘खम्सत रियालात’ असं छापलेलं असतं. सीरियाच्या जुन्या पाच लिरांच्या नोटेवर मात्र ‘खम्स लीरात’ असे शब्द आहेत. दोन्हीकडे आकडा पाचच, आणि पुढच्या नामाचं अनेकवचनही ‘आत’ लावूनच केलेलं. तरी एकीकडे पाचला ‘त’ जोडलाय, दुसरीकडे नाही. रियाल हा शब्द अरबीत पुल्लिंगी आहे आणि लीरा स्त्रीलिंगी, एवढाच काय तो फरक.

मराठी माणसाला इथे पहिला धक्का बसतो. अरबीत बहुतेक शब्दांना स्त्रीलिंगी करणारी खूण म्हणजे शेवटी येणारा ‘ता मरबूता’: दिसायला ‘ह’सारखं अक्षर, वर दोन टिंबं. एकटा उच्चारला तर ‘आ’ ऐकू येतो, पुढच्या शब्दाला जोडून म्हटला की ‘त’ होतो. तालिब म्हणजे विद्यार्थी, तालिबा म्हणजे विद्यार्थिनी. मग पुल्लिंगी रियालच्या आधी ही खूण का यावी, आणि स्त्रीलिंगी लिऱ्याच्या आधी ती का गळावी? पण नियम तसाच आहे. तीनपासून दहापर्यंतच्या आकड्यांपुढे पुल्लिंगी नाम असेल तर आकड्याला ‘ता’ लागतो, स्त्रीलिंगी असेल तर लागत नाही. थलाथा, अर्बआ, खम्सा, सित्ता, सबआ, थमानिया, तिसआ, अशरा ही ‘ता’वाली रूपं पुरुषांसाठी, थलाथ, अर्बअ, खम्स, सित्त, सबअ, थमानी, तिसअ, अश्र ही बिनताची रूपं बायकांसाठी.

आपल्याकडेही माणसं मोजताना आकड्याला लिंग येतं. तिघे भाऊ, तिघी बहिणी. पण तिथे आकडा नामाच्या बाजूने उभा राहतो. अरबीतही एक आणि दोन तसेच वागतात: ते नामाच्या मागून विशेषणासारखे येतात आणि त्याचंच लिंग घेतात. दोन म्हणायला तर बहुतेक वेळा आकडाही लागत नाही, कारण नामालाच द्विवचन असतं. तीन आले की सगळं फिरतं. आकडा पुढे येतो, नाम त्याच्या मागे जातं आणि अनेकवचनात, षष्ठी विभक्तीत उभं राहतं. ‘खम्सत रियालात’चा शब्दशः अन्वय लावला तर ‘रियालांचं पंचक’ असा होईल. हा अन्वय लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे. (विभक्तीचे शेवटचे स्वर मी इथे गाळले आहेत, पुस्तकी वाचनात ‘खम्सतु रियालातिन’ होतं.)

आखातातल्या शहरांमध्ये घर भाड्याने देण्याच्या अरबी जाहिराती असतात. कामानिमित्त तिथे राहिलेल्या आपल्याकडच्या अनेकांनी त्या पाहिल्या असतील. समजा, एका फ्लॅटमध्ये तीन खोल्या आणि तीन बाथरूम आहेत. खोली म्हणजे ‘घुर्फा’, अनेकवचन ‘घुरफ’. बाथरूम म्हणजे ‘हम्माम’, अनेकवचन ‘हम्मामात’. आता जाहिरात कशी लिहायची?

नवशिका अनेकवचनाकडे बघतो. ‘घुरफ’च्या शेवटी कसलीच खूण नाही, म्हणून तो पुल्लिंगी वाटतो. ‘हम्मामात’चा शेवट ‘आत’ने होतो, आणि तालिबा-तालिबात, सय्यारा-सय्यारात (गाडी, गाड्या) अशा उदाहरणांतून हा शेवट स्त्रीलिंगी अनेकवचनाचा म्हणूनच तो शिकलेला असतो. उलट्या मेळाचा नियम पाठ असलेला हुशार विद्यार्थी मग ‘थलाथत घुरफ व थलाथ हम्मामात’ असं लिहितो. दोन्ही चुकलं. नियम त्याने बरोबर लावला, पण चुकीच्या शब्दाला.

आकडा अनेकवचनाकडे बघतच नाही. तो बघतो एकवचनाकडे. एक खोली म्हणजे घुर्फा, शेवटी ‘ता’ आहे, म्हणजे स्त्रीलिंगी; तेव्हा तीनचा ‘ता’ जाणार: थलाथ घुरफ. एक बाथरूम म्हणजे हम्माम, पुल्लिंगी. तेव्हा तीनला ‘ता’ लागणार: थलाथत हम्मामात. बरोबर जाहिरात ‘थलाथ घुरफ व थलाथत हम्मामात’ अशी होते. रियालचंही तेच. रियालात हे रूप कितीही स्त्रीलिंगी दिसलं तरी एक रियाल पुल्लिंगी आहे, म्हणून नोटेवर खम्सत. मला वाटतं, हा नियम शिकवताना सुरुवातच इथून व्हायला हवी. उलट्या मेळाचं नवल पहिल्या दिवशीच ओसरतं. एकवचन आठवण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते, आणि ज्याला ती लागली त्याचं पुढे सहसा अडत नाही.

त्याच जाहिरातीत खोल्या नवीन आहेत, बाथरूमही नवीन आहेत असं लिहायचं ठरवलं तर आणखी एक गंमत दिसते. अरबीत निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी लागतं, मग मुळात ती वस्तू कुठल्याही लिंगाची असो. म्हणून ‘थलाथत हम्मामात जदीदा’. इथे ‘जदीदा’मधला ‘ता’ खरोखर स्त्रीलिंगाचा आहे, तो अनेकवचनाशी मेळ घालतो. ‘थलाथत’मधला ‘त’ पुल्लिंगी एकवचनामुळे आलाय. एकाच नामाच्या अलीकडे-पलीकडे एकच अक्षर उभं आहे आणि दोघांची कारणं वेगवेगळी आहेत. खोल्यांच्या बाबतीत ‘थलाथ घुरफ जदीदा’: आकड्याचा ‘ता’ गेला, विशेषणाचा राहिला.

काही शब्द याहूनही फसवे असतात. खलीफा पुरुष असतो, पण शब्दाच्या शेवटी ‘ता मरबूता’ आहे. इथे अर्थ जिंकतो, शब्दाचा शेवट नाही. चार खलीफा म्हणजे ‘अर्बअत खुलफा’. उलट ‘हर्ब’ म्हणजे युद्ध. शेवटी काहीच खूण नाही, पण शब्द स्त्रीलिंगी, म्हणून तीन युद्धं ‘थलाथ हुरूब’. दिवस म्हणजे ‘यौम’ पुल्लिंगी आणि रात्र म्हणजे ‘लैला’ स्त्रीलिंगी, त्यामुळे सहलीच्या जाहिरातीतल्या तीन रात्री आणि चार दिवस ‘थलाथ लयालिन व अर्बअत अय्याम’ होतात. कुराणाच्या ६९व्या सुरेत सात रात्री आणि आठ दिवस असा जोड उल्लेख आहे, आणि तिथेही सातला ‘ता’ नाही, आठला आहे. १९६०च्या दशकापर्यंत आखाताच्या मोठ्या भागात रुपया चालत होता. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये त्या भागासाठी वेगळ्या नोटाही काढल्या. अरबीत रुपया ‘रूबिया’ होऊन स्त्रीलिंगी झाला. म्हणून पाच रुपये ‘खम्स रूबियात’, आणि पाच रियाल मात्र ‘खम्सत रियालात’.

नियमाला सीमा आहेत. अकरा आणि बारा सरळ मेळाचे. तेरा ते एकोणीसमध्ये एककाचा आकडा उलटा वागतो, त्याच्या जोडीचा दहा सरळ वागतो आणि नाम एकवचनात येतं. वीस, तीस, चाळीस यांना लिंगाचं काही देणंघेणं नाही. आणि मोजलेलं नाम वाक्यात उच्चारलंच नाही तर आकड्याला मोकळीक मिळते. रमजाननंतर शव्वाल महिन्यात सहा रोजे ठेवण्याची प्रथा आहे. त्या रोज्यांना अरबीत ‘अस्-सित्त’ म्हणतात, ‘सित्ता’ नाही. दिवस पुल्लिंगी आहेत, पण ‘दिवस’ हा शब्द तिथे नाहीच.

हे उलटं झालं कसं? अरबी वैयाकरणांनी दिलेलं एक उत्तर सुटसुटीत आहे. आकडा समूह सांगतो, समूहासाठीचा ‘जमाआ’ हा शब्द स्त्रीलिंगी. तेव्हा आकड्याचं मूळ रूपच ‘ता’वालं. पुल्लिंगी नाम त्यांच्या शास्त्रात आधीचं मानलं जातं, म्हणून मूळ रूप त्याच्या वाट्याला गेलं. मग स्त्रीलिंगी नामासाठी काहीतरी वेगळं हवं, म्हणून ‘ता’ काढला. यात मागाहून रचलेलं तर्कट थोडं जाणवतं, पण एक निरीक्षण पक्कं आहे: नुसते आकडे मोजताना अरब माणूस थलाथा, अर्बआ, खम्सा असंच मोजतो. म्हणजे ‘ता’वालं रूप हेच आकड्याचं स्वतःचं नाव.

आधुनिक भाषाशास्त्राला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हा उलटा मेळ फक्त अरबीचा नाही. हिब्रूत तो आहे, मेसोपोटेमियाच्या अक्कादियन भाषेतही होता. म्हणजे या सगळ्या सेमिटिक भाषा वेगळ्या होण्याआधीच तो रुजलेला असणार. तो कसा रुजला यावर एकमत नाही. पण ‘त’ म्हणजे स्त्रीलिंगच, ही आपली समजूत बाजूला ठेवली तर कोडं बरंच सैल होतं. अरबीत ‘शजर’ म्हणजे झाडं, एकंदर झाडी. ‘शजरा’ म्हणजे त्यातलं एक झाड. ‘अल्लामा’ म्हणजे मोठा विद्वान, आणि तो पुरुषही असतो. या अक्षराची कामं अनेक आहेत. ‘रियालांचं पंचक’ या अन्वयात पंचक हे स्वतंत्र नाम आहे. त्याच्या शेवटचा ‘त’ मुळात रियालचं लिंग दाखवायला आलाच नव्हता, असं मानायला जागा आहे.

हा सगळा काटेकोरपणा लिखित अरबीचा आहे. बातम्या, पुस्तकं, नोटा, सरकारी कागद यांत तो पाळतात. कैरो किंवा दमास्कसच्या रस्त्यावर बोलताना लोक नामाचं लिंग बघत नाहीत. कैरोत तीन पुस्तकं ‘तलत कुतुब’ आणि तीन मुली ‘तलत बनात’. नामाच्या आधी आखूड रूप, एकटा आकडा असेल तर लांब ‘तलाता’. पण ‘त’ पुरता गेलेला नाही. कैरोत पाच दिवस ‘खमस् तिय्याम’ होतात आणि तीन हजार ‘तलत्तालाफ’. दिवस म्हणजे अय्याम, हजार म्हणजे आलाफ. त्यांच्या तोंडाशी चिकटलेला ‘त’ मूळचा आकड्याचा. स्वराने सुरू होणाऱ्या अशा मोजक्या शब्दांनी तो आपल्याकडे ओढून घेतला आणि बोलणाऱ्याला आता तो नामाचाच भाग वाटतो. अरबीतूनच निघालेल्या आणि रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या माल्टीज भाषेत तो आकड्याकडेच राहिला: तिथे पाच दिवस ‘हमेस्त इयीम’ असे लिहितात. हा ‘त’ केव्हा लावायचा हे तिथे नामाच्या घडणीवरून ठरतं, लिंगावरून नाही.