मुलांचे व्हिडिओ प्रोफाइल: प्रौढ शिफारशी आणि कमेंट झाकण्याची रीत

या घटकात आपण एकच प्रश्न पाहणार आहोत. यूट्यूबवर लहान मुलासाठी वेगळे प्रोफाइल तयार केले, तर त्यामुळे नेमके काय झाकले जाते, काय झाकले जात नाही आणि ते कसे तपासायचे? घरातले फोन आणि टीव्ही लावून देण्याचे काम बहुतेक वेळा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींकडेच येते. त्यामुळे तुम्ही स्वतः हे काम करत आहात असे धरून पुढे जाऊ.

उदाहरण

समजा, तुमची ताई नोकरीनिमित्त चंदीगडजवळ मोहालीच्या एयरोसिटीत राहते. भाची नऊ वर्षांची आहे, चौथीत शिकते. ताईच्या सासूबाईही तिथेच असतात. घरात एक स्मार्ट टीव्ही आहे आणि त्यावर ताईचे गूगल खाते चालू आहे. दुपारी आजी गुन्हेगारीवरच्या मालिकांचे भाग बघतात. संध्याकाळी भाची कार्टून आणि चित्रकलेचे व्हिडिओ बघते. सुटीत तुम्ही तिथे गेलात तेव्हा ताई म्हणाली, "अरे, हिच्या कार्टूनच्या शेजारी खुनाचे व्हिडिओ येतात. आणि माझ्या फोनवर ती कमेंट वाचत बसते. तू जरा बघ ना."

येथे दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणे वेगळी आहेत. म्हणून आधी कारणे समजून घेऊ.

शिफारस खात्याला चिकटते, माणसाला नाही

पुढे कोणते व्हिडिओ दाखवायचे हे यूट्यूब मुख्यतः त्या खात्याचा पाहण्याचा इतिहास आणि त्यातून केलेले शोध यांवरून ठरवते. समोर आजी बसली आहे की नात, हे त्याला कळत नाही. दोघींचे पाहणे एकाच खात्यात जमा होते, म्हणून दोघींच्या आवडीही एकाच पडद्यावर येतात. नको असलेले व्हिडिओ एकेक करून हटवत बसलात, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी आजी टीव्ही लावतील आणि तसेच व्हिडिओ पुन्हा येऊ लागतील. यावर खरा उपाय एकच, भाचीचा इतिहास वेगळा करणे.

कमेंटचे तसे नाही. कमेंट त्या व्हिडिओखाली असतात आणि त्या दिसतील की नाही हे दोन ठिकाणी ठरते. पहिले म्हणजे व्हिडिओ स्वतः. 2019 मध्ये मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गूगल व यूट्यूबशी 17 कोटी डॉलरची तडजोड केली. त्यानंतर जानेवारी 2020 पासून प्रत्येक व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे सांगणे चॅनलला बंधनकारक झाले. मुलांसाठी म्हणून नोंदलेल्या व्हिडिओखाली कमेंट सर्वांसाठीच बंद असतात. दुसरे ठिकाण म्हणजे पाहणाऱ्याचे प्रोफाइल किंवा उपकरणावरची सेटिंग. हा फरक पुढे तपासणी करताना उपयोगी पडेल.

तीन मार्ग

पहिला मार्ग यूट्यूब किड्स हे वेगळे ॲप. यात कमेंटचा विभागच नसतो. पालकाच्या खात्याखाली मुलाचे प्रोफाइल तयार होते आणि त्याचा इतिहास वेगळा राहतो. वयानुसार तीन पातळ्या आहेत: Preschool चार वर्षांपर्यंत, Younger पाच ते आठ, Older नऊ ते बारा. चौथा पर्याय असा की पालकाने स्वतः निवडलेलेच व्हिडिओ दिसावेत.

दुसरा मार्ग मूळ यूट्यूबवरचे देखरेखीखालचे खाते. यात मुलाचे स्वतःचे गूगल खाते असते आणि ते पालकाच्या खात्याला जोडलेले असते. येथेही तीन पातळ्या आहेत: Explore साधारण नऊ वर्षांपासून, Explore More तेरापासून, आणि Most of YouTube. Explore पातळीवर कमेंट वाचता येत नाहीत आणि लिहिताही येत नाहीत. वरच्या पातळ्यांवर मात्र कमेंट दिसू शकतात. त्यामुळे "देखरेखीचे खाते केले" एवढ्याने कमेंटचा प्रश्न सुटत नाही. पातळी कोणती निवडली ते महत्त्वाचे.

तिसरा मार्ग Restricted Mode. हे प्रोफाइल नाही, केवळ गाळणी आहे. शीर्षक, वर्णन, वयोमर्यादा अशा खुणांवरून प्रौढ वाटणारे व्हिडिओ ती बाजूला ठेवते आणि कमेंटही झाकते. पण इतिहास वेगळा करत नाही. शिवाय ती त्या एका उपकरणापुरती किंवा ब्राउझरपुरती असते. ताईच्या फोनवर चालू केली म्हणून टीव्हीवर चालू होत नाही.

भाचीसाठी आपण पहिला मार्ग निवडू आणि तिसरा त्याच्या जोडीला ठेवू. मूल नऊ वर्षांचे आहे, फोन आणि टीव्ही दोन्ही सामायिक आहेत, आणि कमेंट पूर्ण बंद हव्या आहेत. दुसरा मार्ग पुढे दोनेक वर्षांनी उपयोगी पडेल.

प्रत्यक्ष कृती

ताईच्या फोनवर यूट्यूब किड्स ॲप घ्या. सुरुवातीला ते पालक असल्याची खात्री म्हणून जन्मवर्ष विचारते. पुढे ताईच्या खात्याने साइन इन करा. पासवर्ड ताईला स्वतःलाच टाकू द्या. मग भाचीचे प्रोफाइल तयार करा. नावाच्या जागी घरातले लाडके नाव पुरते. वय मात्र खरे घाला आणि Older ही पातळी निवडा.

यानंतर शोधाचा निर्णय घ्या. शोध चालू असेल तर मूल स्वतः शब्द टाकून त्या पातळीतले काहीही शोधू शकते. बंद केला तर पाहण्याजोगे व्हिडिओ बरेच कमी होतात. नऊ वर्षांच्या मुलीला किल्ल्यांची किंवा ग्रहांची माहिती शोधायची असते, म्हणून आपण तो चालू ठेवू आणि आठवड्याने इतिहास पाहून पुन्हा ठरवू.

आता कुलूप. ॲपच्या कोपऱ्यातील कुलपाच्या चिन्हावर बोट ठेवले की पालकांची सेटिंग उघडते. त्याआधी ॲप साधारणपणे एक गुणाकार विचारते. मोठ्या माणसाला ओळखण्याची ही रीत आहे, पण चौथीतल्या मुलीचे पाढे पाठ असतात! म्हणून तेथे स्वतःचा चार अंकी पासकोड घाला. तो ताईच्या फोनचाच नसावा, कारण तो भाचीला ठाऊक असणार.

मग टीव्हीकडे वळा. टीव्हीवरच्या यूट्यूब ॲपमध्ये त्याच खात्याने साइन इन करा आणि खात्यांच्या यादीत भाचीचे यूट्यूब किड्स प्रोफाइल दिसते का पाहा. भाचीने यापुढे याच प्रोफाइलमधून बघायचे. आजींचे साधे यूट्यूब ताईच्या खात्यावर तसेच राहू द्या, म्हणजे त्यांचे काही अडणार नाही.

शेवटी मागचे दरवाजे. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबली की ती यूट्यूब किड्समध्ये उघडत नाही. ती ताईच्या साध्या यूट्यूबमध्ये उघडते आणि तेथे कमेंटही दिसतात. म्हणून ताईच्या फोनवरील यूट्यूबमध्ये प्रोफाइलच्या चित्रावरून Settings, मग General आणि तेथे Restricted Mode चालू करा. भाची ज्या ब्राउझरमध्ये गृहपाठ करते, तेथेही वेगळे चालू करा. ताईच्या स्वतःच्या खात्यात ही गाळणी कुणीही एका स्पर्शाने बंद करू शकते, हे ताईला सांगून ठेवा.

तपासणी

येथे बहुतेक जण चुकतात. ते एखादे कार्टून लावतात, खाली कमेंट दिसत नाहीत आणि काम झाले असे समजतात. पण मुलांसाठी नोंदलेल्या व्हिडिओखाली कमेंट तशाही बंदच असतात, त्यामुळे यातून काहीच सिद्ध होत नाही. Restricted Mode तपासायचा असेल तर क्रिकेट किंवा स्वयंपाकाचा, भरपूर कमेंट असलेला साधा व्हिडिओ घ्या. गाळणी बंद असताना कमेंट दिसतात आणि चालू केल्यावर जातात, हे दोन्ही डोळ्यांनी पाहा.

शिफारशींची तपासणीही अशीच करावी. फार भडक शब्द शोधून काही दिसले नाही, तर त्याचे श्रेय आपल्या सेटिंगला देता येत नाही, कारण अठरा वर्षांवरील म्हणून नोंदलेले व्हिडिओ साइन इन न करताही उघडत नाहीत. आजी बघतात त्याच मालिकेचे नाव भाचीच्या प्रोफाइलमध्ये शोधा. ते साध्या यूट्यूबवर दिसते आणि येथे दिसत नाही, तर गाळणी काम करते आहे. आठवड्याने भाचीच्या प्रोफाइलचा इतिहास पाहा. तो जवळजवळ रिकामा असेल, तर ती पुन्हा आईच्या खात्यातून बघू लागली आहे असे समजावे. सेटिंग बरोबर असूनही उपयोग होत नसल्याची ही सर्वांत स्पष्ट खूण आहे. अशा वेळी पासकोड बदलून फरक पडणार नाही. तिला हवे ते येथे मिळत नसावे. तिला काय हवे होते ते विचारा, आणि गरज वाटली तर Explore पातळीच्या खात्याचा विचार करा.

मर्यादा

ही गाळणी प्रामुख्याने यंत्राने चालते. 2017 मध्ये मुलांच्या ओळखीची कार्टून पात्रे वापरून केलेले हिंसक आणि विचित्र व्हिडिओ मुलांपर्यंत पोहोचत असल्याचे उघड झाले आणि यूट्यूबला अनेक चॅनल बंद करावी लागली. शीर्षक आणि चित्र मुलांचे असल्याने ते गाळणीतून सुटले होते. Restricted Mode सर्व भाषांत समान अचूकतेने काम करत नाही, हेही कंपनी मान्य करते. मराठी, हिंदी, पंजाबी असे मिश्र पाहणाऱ्या घराने हे लक्षात घ्यावे. म्हणून भाचीला एक गोष्ट शिकवा: नको असे काही दिसले तर तो व्हिडिओ बंद करून मोठ्यांना दाखवायचा, तिला कुणी रागावणार नाही. मग तुम्ही किंवा ताईने त्या व्हिडिओच्या मेनूतून ते चॅनलच ब्लॉक करावे.

स्वाध्याय

1. एकाच खात्यावर आजी आणि नात पाहत असतील, तर नको असलेले व्हिडिओ एकेक हटवणे का पुरत नाही?
2. कार्टूनखाली कमेंट दिसत नाहीत, यावरून प्रोफाइल बरोबर लावले आहे असा निष्कर्ष का काढता येत नाही?
3. आपल्या घरातील प्रत्येक फोन, टीव्ही आणि ब्राउझरची यादी करा. प्रत्येकावर यूट्यूब कोणाच्या खात्याने उघडते आणि Restricted Mode चालू आहे का, ते समोर लिहा.