देश दिसतो, भाषा दिसत नाही

समजा, मेहकर तालुक्यातल्या डोणगावात एका भजनी मंडळाने यूट्यूबवर चॅनेल काढले. गजानन महाराजांचे शेगाव याच बुलढाणा जिल्ह्यातले. त्यामुळे दासगणूंच्या 21 अध्यायांच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथावरची प्रवचने आणि त्याभोवतीची भजने हा त्यांचा ऐवज. वर्षभराने कुणीतरी सुचवते की, अमेरिकेतूनही लोक बघतात, खाली इंग्रजी अक्षरे टाका. मंडळातला एखादा कॉलेजातला पोरगा लॅपटॉप उघडतो, आणि इथूनच गंमत सुरू होते.

यूट्यूब स्टुडिओच्या `Analytics` मधले `Audience` पान कामाच्या तीन गोष्टी सांगते: प्रेक्षकांचे वयोगट, त्यांचे देश आणि कोणत्या भाषेतली सबटायटल लावून पाहिले गेले. घरी कोणती भाषा बोलली जाते हे मात्र ते कुठेच सांगत नाही. ते ताडावे लागते.

आकडे समजा असे आहेत: 28 दिवसांत 10,000 व्ह्यूज, त्यांतले भारतातून 8,800, अमेरिकेतून 600, संयुक्त अरब अमिरातीतून 350, उरलेले इतर देशांतून. अमेरिका दुसऱ्या क्रमांकावर दिसली की हात लगेच इंग्रजीकडे जातो. तो आवरावा, आणि `Advanced mode` मध्ये अमेरिका निवडून त्या 600 व्ह्यूजचे वय पाहावे. त्यातला मोठा भाग 55 च्या पुढचा निघाला, तर ते बहुधा मुलाकडे सहा महिने राहायला गेलेले आईवडील किंवा चाळीस वर्षांपूर्वी तिकडे गेलेली पिढी. त्यांना इंग्रजी अर्थ नको. ऐकू कमी येत असेल तर देवनागरीत मराठी ओळी हव्यात. याउलट 18 ते 24 वयोगट ठळक असेल, तर मराठी कळणारी पण वाचता न येणारी मुले समोर असू शकतात. त्यांना नुसता अर्थ पुरत नाही, आरतीत सूर मिळवायचा असतो. म्हणून इंग्रजी सबटायटलमध्ये वरची ओळ रोमन लिपीतल्या मराठीची आणि खालची अर्थाची, अशी मांडणी उपयोगी पडते.

वयाच्या आकड्यांवर मात्र पूर्ण भरवसा नको. ते लॉगिन केलेल्या प्रेक्षकांवरून काढलेले असतात. आजी नातवाच्या फोनवर भजन लावते, आणि तिची हजेरी नातवाच्या वयोगटात लागते. शिवाय व्ह्यूज थोडे असले की यूट्यूब वयाचा तक्ता दाखवतच नाही. डोणगावसारख्या ठिकाणच्या लहान चॅनेलला हे वारंवार अनुभवायला मिळेल. तेव्हा 28 ऐवजी 365 दिवसांचा पट्टा निवडावा.

खरी मेख भारतातल्या 8,800 मध्ये आहे. देशाचा आकडा इथे काहीच सांगत नाही, म्हणून शहरे पाहायची. इंदूर आणि बुऱ्हाणपूर वर आले तर हिंदीचा विचार सर्वांत आधी, कारण शेगावची भक्ती मध्य प्रदेशात पूर्वीपासून आहे. हैदराबाद दिसले तर थांबून विचार करावा: तिथे मराठी कुटुंबेही आहेत आणि मराठी न कळणारे भाविकही. तंजावरचे तर सगळ्यांत निराळे. तिथली मराठी घरे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, पण शाळा तमिळ झाल्याने अनेकांना तमिळ लिपीच सोयीची. भारताबाहेरही असेच: मॉरिशसची मराठी मंडळी गणपती थाटात बसवतात, पण रोजचे बोलणे क्रिओलमध्ये. नकाशा पाहून भाषा ठरवणारा दोन्हीकडे फसेल.

आता सबटायटलच्या अहवालाचा सापळा. तिथे ज्या भाषा दिसतात त्या बहुतेक तुम्हीच दिलेल्या असतात. हिंदी सबटायटल कधी टाकलीच नाहीत, तर हिंदीसमोर जवळपास शून्य येणार. त्याचा अर्थ हिंदी प्रेक्षक नाहीत असा नाही. दुकानात गूळ ठेवलाच नाही आणि वहीत गुळाची विक्री शोधली, तसे ते.

म्हणून सोपा प्रयोग करावा. सारख्या लांबीची, एकाच धाटणीची सहा प्रवचने घ्यावीत. सगळ्यांची मूळ भाषा सेटिंगमध्ये मराठी नोंदवावी. त्यांतल्या तीन प्रवचनांना हिंदी सबटायटल जोडावीत, शीर्षक आणि वर्णनही हिंदीत अनुवादित करून भरावे, आणि उरलेली तीन तशीच सोडावीत. हिंदीभाषक शहरांतून दोन्ही गटांतली प्रवचने किती वेळ पाहिली जातात, याची तुलना करावी. नुसते व्ह्यूज मोजू नयेत. सरासरी किती मिनिटे थांबले, ते महत्त्वाचे. माघ वद्य सप्तमीच्या प्रकट दिनाचे आठवडे मात्र या तुलनेत धरू नयेत. त्या दिवसांत सगळेच आकडे फुगतात, आणि श्रेय फुकट सबटायटलला जाते.

आणि सुरुवात मराठी सबटायटलपासूनच. हाताने, वेळेच्या खुणांसह नीट बसवलेली मराठी फाइल एकदा तयार झाली की हिंदी किंवा इंग्रजी करणाऱ्याला फक्त ओळी बदलायच्या राहतात. टाळ-मृदंगाच्या गजरात गायलेले शब्द आपोआप ओळखणाऱ्या सोयीला नीट कळत नाहीत, आणि चुकीच्या मराठीवरून झालेला अनुवाद तीच चूक दुसऱ्या भाषेत घेऊन जातो. डोणगावच्या मंडळाने तेवढ्यासाठी आधी भजनाची वही पुढ्यात घ्यावी, लॅपटॉप नंतर.