सुरीची धार आणि उरलेली बर

धार लावलेली सुरी पहिल्या दिवशी टोमॅटोच्या सालीत अलगद शिरते आणि दोन-चार दिवसांत पुन्हा घसरू लागते. दोष पोलादाला दिला जातो. पण बहुतेक वेळा धारेवर बर राहून गेलेली असते. पात्याची एक बाजू घासली की कडेचं पोलाद पातळ होत होत दुसऱ्या बाजूला वळतं. तिथे उरलेली ती केसासारखी बारीक कोर म्हणजे बर.

आधी कोन. घरातल्या साध्या स्टीलच्या सुरीला दर बाजूने १५ ते २० अंश पुरतात. पातं ४ सेंटिमीटर रुंद असेल तर २० अंशांसाठी सुरीची पाठ दगडापासून साधारण १४ मिलिमीटर उचलावी लागते, १५ अंशांसाठी १० मिलिमीटर. धारेच्या उतारावर मार्कर पेनची शाई फासा आणि हलक्या हाताने दोनदा घासा. शाई फक्त वरच्या भागातली गेली, तर पाठ थोडी उचला. फक्त अगदी कडेची गेली, तर खाली घ्या.

दगड एकच घ्यायचा तर १००० ग्रिटचा पाण्याचा दगड घ्यावा. अगदी बोथट सुरीला आधी ४०० चा लागतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या दुहेरी कार्बोरंडमवरही काम होतं, धार जरा खरबरीत राहते इतकंच. दगड हलू नये म्हणून खाली ओलं फडकं घाला.

आता एकच बाजू घासत राहा. किती वेळा, ते मोजण्यात अर्थ नाही. बर आली की थांबायचं. न घासलेल्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा न्या, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. कडेला काहीतरी अडकल्यासारखं लागलं की ती बर. मुठीपासून टोकापर्यंत ती सलग लागली पाहिजे. टोकाशी ती हमखास येत नाही, कारण तिथे पातं वळतं आणि मूठ किंचित उचलावी लागते. मग दुसरी बाजू तशीच.

बर काढणं हे खरं कसबाचं काम, आणि तिथेच घाई होते. एक फटका या बाजूला, एक त्या बाजूला, कोन तोच, पण दर वेळी दाब कमी करत जायचा. शेवटी सुरीच्या स्वतःच्या वजनाइतकाच. जोर लावला तर बर तुटत नाही, नुसती इकडून तिकडे लोळते.

उरलेला अंश चामड्यावर जातो. न्हाव्याच्या वस्तऱ्याचा पट्टा असतो तसा. जुन्या कमरपट्ट्याची खरबरीत बाजू फळीवर चिकटवली तरी चालते. इथे सुरी उलटी ओढायची, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामडं कापलं जातं. ओढ संपताना पाठ उचलली की आत्ताच केलेली धार गोलावते.

शेवटी वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापून पाहा. जिथे तो फाटतो, त्या जागी बोटाने पुन्हा बर शोधा आणि तेवढ्याच भागाला दगडावर दोन-तीन हलके फटके द्या.